राजधानी नेमकी कधी हलली? अधिकृत दिनांक कसा पडताळावा

कझाकस्तानची राजधानी अल्माटीहून उत्तरेला कधी गेली हे शोधायला बसलात, तर 1994, 1995, 1997 आणि 1998 अशी चार वर्षे हाती लागतात. गंमत म्हणजे यातले एकही वर्ष मनचे नाही. प्रत्येक वर्षी काहीतरी अधिकृत घडलेच होते. नव्याने वसवलेल्या किंवा संरक्षणाच्या कारणाने हलवलेल्या राजधान्यांबाबत हा घोळ नेहमीचाच आहे. निर्णय एका वर्षी होतो, इमारती उभ्या राहायला काही वर्षे जातात, कार्यालये टप्प्याटप्प्याने हलतात आणि सोहळा सोयीच्या मुहूर्तावर होतो. मग ज्याला जी तारीख आधी सापडली, ती तो लिहून मोकळा होतो.

पहिली पायरी : चार रकाने आखा

कागदावर चार रकाने करा : निर्णय, कायदेशीर अंमल, प्रत्यक्ष स्थलांतर, सोहळा. सापडलेली प्रत्येक तारीख यांपैकी एकाच रकान्यात टाकायची. कुठे टाकावी हे कळत नसेल, तर ती तारीख देणाऱ्या मजकुरात क्रियापद कोणते आहे ते बघा. ‘ठरवले’, ‘घोषित केले’, ‘हलवले’ आणि ‘उद्घाटन झाले’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण बातम्या आणि ज्ञानकोश हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

अधिकृत दिनांक म्हणजे दुसरा रकाना : ज्या दिवसापासून देशाच्या कायद्यानुसार नवे शहर राजधानी ठरते, तो दिवस. बाकीचे तीन रकाने या दुसऱ्याची खातरजमा करायला लागतात.

दुसरी पायरी : कायद्याचे नाव सोडा, अंमलाचे कलम वाचा

मूळ कायदा किंवा हुकूम मिळवा. बहुतेक देशांचे कायदे आता सरकारी संकेतस्थळांवर असतात. ब्राझीलचे planalto.gov.br वर आहेत, कझाकस्तानचे adilet.zan.kz वर. भाषा येत नसली तरी यंत्राने केलेल्या भाषांतरावर काम भागते, कारण आपल्याला हवे असते ते एखादे कलम आणि त्यातली तारीख. हे कलम कधी सुरुवातीला असते, कधी अगदी शेवटी, संक्रमणकालीन तरतुदींत. लोक चुकतात ते इथेच. ते कायद्यावरच्या सहीची तारीख उचलतात आणि पुढचे वाचतच नाहीत.

सगळ्यात सोपे उदाहरण ब्राझीलचे. राजधानी किनाऱ्यावरून आतल्या पठारावर न्यायची कल्पना 1891 च्या संविधानातच होती. ब्राझिलियाच्या उभारणीसाठी कंपनी स्थापण्याची परवानगी देणारा कायदा 19 सप्टेंबर 1956 चा. पण दिवस ठरवला तो 1 ऑक्टोबर 1957 च्या 3273 क्रमांकाच्या कायद्याने. त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे की 21 एप्रिल 1960 रोजी राजधानी नव्या संघीय जिल्ह्यात हलवली जाईल. आणि झालेही तसेच. उद्घाटन त्याच दिवशी झाले, त्यामुळे दुसरा आणि चौथा रकाना जुळला. असे सुख क्वचित लाभते.

इंडोनेशियाचे उदाहरण याच्या नेमके उलट. नुसांतारा या नव्या राजधानीच्या कायद्यावर 15 फेब्रुवारी 2022 रोजी सही झाली. कायदा लागू झाला, शहराचे काम सुरू झाले, 17 ऑगस्ट 2024 रोजी तिथे स्वातंत्र्यदिनाचा सरकारी समारंभही पार पडला. पण कायद्यातच अट आहे : राष्ट्राध्यक्षांचा स्थलांतराचा वेगळा आदेश निघेपर्यंत राजधानी जकार्ताच. म्हणजे 2022 ची तारीख निर्णयाच्या रकान्यात जाते, 2024 ची सोहळ्याच्या, आणि अंमलाचा रकाना त्या आदेशाची तारीख मिळेपर्यंत रिकामा ठेवायचा. रिकामा रकाना बघवत नाही म्हणून त्यात जवळची तारीख कोंबणे ही या कामातली सगळ्यात मोठी चूक.

तिसरी पायरी : तारखा एकेक करून लावा

आता कझाकस्तानकडे वळू. अल्माटी देशाच्या आग्नेय टोकाला, चीनच्या सीमेपासून फार दूर नाही. भूकंपाचा पट्टा आहे आणि डोंगराच्या पायथ्याशी असल्याने शहर वाढायला जागा कमी. ही कारणे उघडपणे सांगितली गेली. उत्तरेकडे रशियन वस्ती मोठी होती आणि रशियाची लांबलचक सीमाही तिकडेच. तिथे सत्तेचे ठाणे असावे हा हेतू अभ्यासक जोडतात. कारणे कोणतीही असोत, तारखांचा क्रम असा लागतो :

6 जुलै 1994 : संसदेने राजधानी अकमोलाला नेण्याचा ठराव केला. रकाना निर्णयाचा.

15 सप्टेंबर 1995 : राजधानीबाबत राष्ट्राध्यक्षांचा कायद्याच्या ताकदीचा हुकूम. हाही निर्णयातच जातो, कारण त्यानंतरही सरकार अल्माटीतच बसत होते.

20 ऑक्टोबर 1997 : अकमोला राजधानी घोषित करणारा राष्ट्राध्यक्षांचा हुकूम. इथे थांबून नीट वाचावे लागते. सही 20 ऑक्टोबरची, पण हुकूम म्हणतो की अकमोला 10 डिसेंबर 1997 पासून राजधानी. मधले सात आठवडे राजधानी अल्माटीच. म्हणून अंमलाच्या रकान्यात 10 डिसेंबर 1997.

6 मे 1998 : अकमोलाचे नाव अस्ताना झाले. ही तारीख चारही रकान्यांबाहेरची. नाव बदलणे म्हणजे राजधानी बदलणे नव्हे.

10 जून 1998 : परदेशी पाहुण्यांपुढे नव्या राजधानीचे औपचारिक सादरीकरण. सोहळा.

यात दोन सापळे आहेत. पहिला नावाचा. ‘10 डिसेंबर 1997 ला अस्ताना राजधानी झाली’ हे वाक्य सगळीकडे दिसते, पण त्या दिवशी अस्ताना नावाचे शहरच नव्हते. राजधानी झाली अकमोला. पुढे 2019 मध्ये शहर नूर-सुलतान झाले आणि 2022 मध्ये पुन्हा अस्ताना. म्हणून नोंदीत त्या दिवशीचे नाव लिहून आजचे नाव कंसात द्यावे.

दुसरा सापळा सुट्टीचा. कझाकस्तानात राजधानी दिन 6 जुलैला असतो. तो 1994 च्या ठरावाचा दिवस आहे (आणि त्यावेळचे राष्ट्राध्यक्ष नझरबायेव यांचा वाढदिवसही, हा भाग वेगळा). सुट्टीच्या दिवसावरून स्थलांतराची तारीख काढणारा इथे थेट साडेतीन वर्षे मागे जाऊन पडतो. वर्धापनदिन सरकारने निवडलेला दिवस असतो, त्याला पुरावा म्हणून कधीच धरू नये.

चौथी पायरी : दुसऱ्या जातीचा पुरावा शोधा

हुकमात तारीख सापडली तरी त्या दिवशी खरेच तसे घडले का, हे वेगळ्या प्रकारच्या कागदावरून तपासावे. त्याच हुकमावरून लिहिलेल्या दहा बातम्या म्हणजे दहा पुरावे नव्हेत.

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे कायद्याचा तळ. ब्राझीलच्या कायद्याखाली सहीच्या वर ठिकाण आणि दिनांक असतो. 1957 च्या त्या कायद्याखाली ठिकाण आहे रिओ दि जानेरो. एप्रिल 1960 च्या आधीचे आणि नंतरचे कायदे ओळीने उघडून ठिकाण कुठे बदलते ते पाहिले, की अंमलाची तारीख कागदावर उमटलेली दिसते. मात्र एका सहीवर भिस्त ठेवू नये. राष्ट्राध्यक्ष दौऱ्यावर असतानाही सह्या करतात. ठिकाण सलग बदललेले दिसले पाहिजे.

दुसरा चांगला पुरावा संसदेच्या पहिल्या बैठकीचा. कझाकस्तानात 10 डिसेंबर 1997 रोजी अकमोलात संसदेची संयुक्त बैठक झाली, म्हणजे हुकूम आणि घटना जुळतात. पण बैठकीची तारीखही डोळे झाकून घेऊ नये. वॉशिंग्टनचेच बघा. 1790 च्या कायद्याने सरकार हलवण्यासाठी डिसेंबर 1800 चा पहिला सोमवार, म्हणजे 1 डिसेंबर, ठरवला होता. नंतरच्या कायद्याने काँग्रेसची बैठक 17 नोव्हेंबरला बोलावली, पण त्या दिवशी सिनेटची गणसंख्याच भरली नाही. ती 21 ला भरली. तिन्ही तारखा कागदावर आहेत, आणि कोणती कशाची हे न सांगता लिहिली तर तिन्ही चूक.

परकीय वकिलाती कुठे आहेत, यावरून मात्र काहीच ठरवू नये. अंकारा 1923 मध्ये राजधानी झाली, तरी बड्या देशांचे दूतावास पुढे काही वर्षे इस्तंबूल सोडायला तयार नव्हते.

पाचवी पायरी : पंचांग तपासा

अंकाराचा ठराव 13 ऑक्टोबर 1923 चा. इस्तंबूल समुद्री मार्गावर उघडे पडलेले आणि नुकतेच परकीय ताब्यातून सुटलेले, म्हणून आतल्या भागातले अंकारा. मूळ कागदांवर वर्ष 1339 दिसते. ते हिजरी समजून रूपांतर केले तर 1920-21 येते आणि सगळा हिशेब कोसळतो. हे वर्ष रूमी, म्हणजे उस्मानी सरकारी दफ्तराच्या सौर पंचांगाचे आहे. त्यात 584 मिळवले की 1923 येते. दिवस बदलावा लागत नाही, कारण 1917 पासून त्या पंचांगाचे दिवस ग्रेगरीशी जुळवलेले होते. जुन्या कागदावर दोन-तीन वर्षांची विचित्र तफावत दिसली, तर आधी पंचांगावरच संशय घ्यावा.

कायदाच नसेल तर

म्यानमारमध्ये लष्करी राजवटीने 6 नोव्हेंबर 2005 रोजी पहाटे यांगूनहून सरकारी ताफे नव्या जागेकडे रवाना केले. घोषणा दुसऱ्या दिवशी झाली, आणि नेपिडो हे नाव जाहीर झाले मार्च 2006 मध्ये. 2008 च्या संविधानात राजधानी म्हणून ते नमूद आहे. अशा ठिकाणी अंमलाची तारीख शोधत बसू नये. 6 नोव्हेंबर 2005 लिहावी, पण पुढे ‘प्रत्यक्ष स्थलांतर सुरू’ असा शब्द जोडावा, आणि 2008 ची संविधानातली नोंद वेगळी द्यावी.

नोंद कशी लिहावी

एका ओळीत चार गोष्टी असाव्यात : तारीख, ती कशाची, कोणत्या कागदावरून आणि त्या दिवशीचे शहराचे नाव. कझाकस्तानची नोंद अशी होईल : ‘10 डिसेंबर 1997, कायदेशीर अंमल, 20 ऑक्टोबर 1997 च्या राष्ट्राध्यक्षीय हुकमानुसार, अकमोला (आजचे अस्ताना), त्याच दिवशी तिथे संसदेची संयुक्त बैठक.’ इंडोनेशियाची : ‘कायदा 15 फेब्रुवारी 2022, अंमल राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावर अवलंबून’, आणि पुढे आपण हे तपासले तो दिवस, म्हणजे नंतर वाचणाऱ्याला पुन्हा कुठून बघायला सुरुवात करायची ते कळेल.