खानदेशात नवीन आलात? रतीब लावण्याआधी दुधाचं एवढं समजून घ्या

जळगाव, धुळे, भुसावळकडे बदलून आलेल्या कुटुंबांची पहिल्या महिन्यातली तक्रार ठरलेली असते: पोट जड राहतं, इथलं पाणी मानवत नाही. पाण्याला दोष देण्याआधी दुधाचं पातेलं बघा. पुण्या-मुंबईत तुम्ही बहुधा टोन्ड दुधाची पिशवी आणत होतात, तिच्यात फॅट 3 टक्के. इथे गवळ्याकडे नुसतं 'दूध' म्हटलं की बहुतेकदा म्हशीचंच येतं, आणि त्यात फॅट 6 ते 8 टक्के. कपभर दुधातून पोटात जाणारं स्निग्ध एका रात्रीत दुप्पट होतं. शिवाय म्हशीच्या दुधात प्रथिनंही थोडी जास्त, साधारण 4 टक्के. गाईच्या दुधात ती 3.2 ते 3.4 आणि शेळीच्या दुधातही जवळपास तेवढीच. केसीन हे प्रथिन आणि कॅल्शियम जास्त असल्यामुळे म्हशीच्या दुधाचा पोटात घट्ट गोळा बनतो आणि तो सावकाश पचतो.

यावर बहुतेक जण दुधात पाणी घालतात, आणि इथेच चुकतं. समजा 7 टक्के फॅटचं एक लिटर दूध आहे, म्हणजे त्यात सुमारे 70 ग्रॅम स्निग्ध. त्यात लिटरभर पाणी ओतलं की फॅट गाईच्या दुधाएवढं, साडेतीन टक्क्यांवर येतं खरं, पण प्रथिनंही 4 वरून 2 टक्क्यांवर उतरतात. वाढत्या मुलाला ते पाजण्यात अर्थ नाही. त्याऐवजी दूध उकळा, झाकण थोडं तिरकं ठेवून निवू द्या आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वरची जाड साय अलगद काढा. साय 60 ग्रॅम निघाली आणि तिच्यात निम्मं स्निग्ध धरलं, तर 30 ग्रॅम बाहेर गेलं. उरलेल्या दुधात फॅट सव्वाचार टक्क्यांच्या आसपास राहतं आणि प्रथिनं जवळपास सगळी शिल्लक राहतात. साठवलेल्या सायीचं तूप घरीच होतं, तो फायदा वेगळा. एक मात्र करा: साय काढायच्या आधी पातेलं हलवू नका, ती मोडून पुन्हा दुधात मिसळते.

त्रास फॅटचा आहे की दुधातल्या साखरेचा, हे ओळखणं सोपं आहे. दूध प्यायल्यावर काही तास नुसतं जड वाटतं, भूक लागत नाही, तर कारण बहुधा फॅट. अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत पोट गुरगुरतं, गॅस होतो, जुलाब लागतात, तर संशय लॅक्टोजवर, म्हणजे दुधातल्या साखरेवर घ्या. मग गाईचं किंवा शेळीचं दूध लावूनही फारसा फरक पडत नाही, कारण लॅक्टोज तिन्ही दुधांत 4 ते 5 टक्के असतंच. शेळीच्या दुधात ते किंचित कमी असतं, इतकंच. अशांनी दही-ताकावर यावं.

शेळीच्या दुधाचं इथे कौतुक फार. ते अर्धं खरं आहे. त्यातले स्निग्धाचे कण बारीक असतात आणि पोटात दही मऊ बनतं, म्हणून ते हलकं वाटतं. फॅट मात्र गाईच्या दुधाएवढंच, साडेतीन-चार टक्के. कण बारीक असल्यामुळे त्यावर साय जवळजवळ धरत नाही आणि दही सैल लागतं. त्यावरून दुधात भेसळ आहे असं समजून शेळीवाल्याशी भांडू नका. उग्र वास येत असेल तर बोकड दुभत्या शेळ्यांजवळ बांधला आहे का, दूध काढून तासन् तास तसंच ठेवलं होतं का, हे विचारा. काढल्याबरोबर गाळून लगेच थंड केलेल्या दुधाला वास जेमतेम असतो. उकळताना आच मंद ठेवा, हे दूध लवकर फाटतं. कच्चं तर अजिबात पिऊ नका, ब्रुसेलोसिस या जनावरांच्या रोगाचा ताप त्यातून येऊ शकतो.

वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी शेळीचं दूध देऊ नका. त्यात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असतं आणि बाळाला रक्तक्षय होऊ शकतो. बाळाला गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर शेळीचं चालेल असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. दोन्हींतली प्रथिनं इतकी सारखी आहेत की बहुतेकांना शेळीचंही बाधतं.

चवीचं म्हणाल तर चहा, बासुंदी, विरजण आणि मांड्यांसोबतच्या वाटीसाठी म्हशीला तोड नाही. सरकीची ढेप खाणाऱ्या म्हशीचं दूध दाटच असतं. गाईचं दूध किंचित पिवळसर आणि गोडसर, मुलांना प्यायला बरं. म्हशीचं आणि शेळीचं पांढरंशुभ्र दिसतं, कारण त्या चाऱ्यातल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्वात रूपांतर करून टाकतात.

चार माणसांच्या घराला एक लिटर म्हशीचं चहा-दह्याला आणि अर्धा लिटर गाईचं प्यायला, असा रतीब पुरतो. फक्त एप्रिल-मेच्या उन्हात दूध दारात आलं की तासाभराच्या आत उकळा, आणि चहात आलं घालत असाल तर ते पाण्यात आधी चांगलं उकळल्यावरच दूध ओता.