घड्याळ घेण्याआधी मनगट आणि पट्टा असा मापा

घड्याळाच्या माहितीत पहिला आकडा दिसतो तो डायलभोवतीच्या गोल डबीचा, म्हणजे केसचा व्यास: ४० मिलिमीटर, ४२ मिलिमीटर. बहुतेक लोक तेवढ्यावरच ठरवतात. पण घड्याळ मनगटावर बसतं ते त्याच्या कानांवर. केसच्या वर आणि खाली पट्टा धरायला जी दोन-दोन टोकं असतात त्यांना लग म्हणतात, आणि तीच मनगटाबाहेर गेली की व्यास कितीही बेताचा असला तरी घड्याळ ओबडधोबड दिसतं.

सुरुवात घेरापासून करा. कपडे मापायचा टेप नसेल तर साध्या कागदाची सेंटिमीटरभर रुंद पट्टी कापा. दोरा नको. तो ताणला जातो, कातडीत रुततो आणि माप कमी येतं. घड्याळ जिथे घालता नेमकं तिथेच पट्टी गुंडाळा. करंगळीच्या बाजूला जे हाड वर येतं त्यावर नाही, तर त्याच्या लगत, कोपराच्या किंवा तळहाताच्या बाजूला. पट्टी कातडीला टेकलेली असावी, आवळलेली नको. जिथे टोक येतं तिथे खूण करा आणि पट्टी सपाट ठेवून फूटपट्टीने मोजा. या आकड्यात सैलपणासाठी स्वतःहून काही मिळवू नका. पट्ट्याची भोकं त्यासाठीच असतात. उकाड्यात, हालचालीनंतर मनगट थोडं फुगतं, म्हणून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मापलेलं बरं. दोन्हींत फरक आला तर मोठा आकडा धरा.

घेरावरून पट्ट्याची लांबी ठरते. घड्याळ मनगटावर मावेल का, हे मात्र त्यावरून पूर्ण कळत नाही, कारण सारख्याच घेराची दोन मनगटं एक चपटं, एक गोलसर असू शकतात. त्यासाठी मनगटाचा वरचा सपाट भाग मोजा. हात टेबलावर पालथा ठेवा आणि फूटपट्टी आडवी धरून, जिथून मनगट दोन्ही बाजूंना खाली वळायला लागतं तेवढंच अंतर घ्या.

समजा घेर १६ सेंटिमीटर आहे आणि सपाट भाग ५० मिलिमीटर. समोर दोन घड्याळं आहेत. पहिलं ४२ मिलिमीटर व्यासाचं, पण वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंत ४८. दुसरं ४० व्यासाचं, पण टोकापासून टोकापर्यंत ५२. व्यास पाहून दुसरं घ्यावंसं वाटेल, पण नीट बसेल ते पहिलं. दुसऱ्याची टोकं दोन्हीकडे किंचित बाहेर डोकावतील आणि पट्टा मनगटाला न वळता सरळ खाली लोंबेल. कातडी आणि पट्टा यांच्यात फट दिसली की ओळखावं. लग खाली वाकलेले असतील तर दोन-एक मिलिमीटर चालून जातात. शंका असेल तर ५२ मिलिमीटर लांबीचा पुठ्ठा कापून मनगटावर आडवा ठेवा आणि आरशात बघा. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत घड्याळ आहे त्यापेक्षा मोठंच दिसतं.

आता पट्ट्याची रुंदी. ती केसच्या एकाच टोकाच्या दोन लगच्या आतल्या बाजूंमधल्या अंतराएवढी असते. बाहेरून बाहेर मापलंत तर पट्टा हमखास मोठा येईल. पट्टा काढून मापणं सगळ्यात खात्रीचं. व्हर्नियर कॅलिपर असेल तर त्याचे आतलं अंतर मोजायचे छोटे जबडे वापरा. फूटपट्टीने मापत असाल तर झिजलेल्या शून्यापासून न मोजता १ सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजा आणि शेवटी १० मिलिमीटर वजा करा. जुन्या चामडी पट्ट्याचं टोक मापून समाधान मानू नका, ते दबून पसरलेलं असू शकतं.

सर्रास मिळणारी मापं १८, २० आणि २२. पण १९ आणि २१ ची घड्याळंही असतात, म्हणून १९ आलं की डोळे झाकून २० धरू नका, पुन्हा मोजा. मिलिमीटरभर मोठा मऊ चामड्याचा पट्टा दाबून बसवता येतो, पण कडेला चुण्या पडतात. लहान घेतला तर फट राहते आणि पट्टा पिनवर इकडेतिकडे सरकतो. पट्ट्यावर २०/१८ असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा लगकडचा, दुसरा बकलकडचा. पट्टा धरणारी स्प्रिंगची पिनही त्याच मापाची लागते.

लांबी ११५/७५ अशी दिलेली असते: भोकांची बाजू आणि बकलची बाजू, मिलिमीटरमध्ये. १६ सेंटिमीटरच्या मनगटाला हा पट्टा बहुधा लगकडच्या पहिल्या एक-दोन भोकांतच अडकतो आणि टोक बरंच पुढे जातं. तिथे १०५/६५ सारखा आखूड पट्टा शोधा. बकल लावल्यावर ते मधल्या भोकात यायला हवं, म्हणजे उकाड्यात सैल करायला एक भोक हाताशी राहतं.