नव्या विमा एजंटाची तयारी, आणि मी न विचारलेली तारीख

हे टिपण मोटार आणि आरोग्य विमा विकणाऱ्या, बेळगावच्या आसपास नव्याने धंदा सुरू करणाऱ्या आणि आत्या-मामांच्या घरी फॉर्म घेऊन जायचे नाही असे ठरवलेल्या माणसासाठी आहे. मी दोन चुका केल्या आहेत. पहिल्या वर्षी प्रशिक्षणात करून घेतलेली ओळखीच्यांची यादी घेऊन मी शहापूर आणि वडगावमधले सगळे नातेवाईक पालथे घातले. त्यानंतर एका बारशाला मी आत शिरताच एक चुलतभाऊ चप्पल शोधू लागला, तेव्हा ती यादी मी फाडून टाकली. दुसऱ्या वर्षी अनोळखी लोकांकडे गेलो, चार महिने उद्यमबागेची औद्योगिक वसाहत पायी तुडवली, आणि तरीही हात रिकामेच राहिले, कारण नकार देणाऱ्या माणसाला मी एक साधा प्रश्न विचारत नव्हतो. त्याच्या आत्ताच्या पॉलिसीची मुदत कधी संपते, हा तो प्रश्न.

नेमणूकपत्र, ओळखपत्र आणि मराठी-कन्नड दोन्हींत छापलेले कार्ड यांबद्दल वेगळे सांगायला नको. नातेवाइकांच्या बाबतीत एकच नियम ठेवावा: आपण हे काम करतो हे त्यांना एकदा कळू द्यावे आणि पुढे विषय त्यांनीच काढला तर बोलावे. लग्नाच्या पंगतीत तर मुळीच बोलू नये.

इलाका एकच निवडावा आणि तो पायी फिरता येईल इतका लहान असावा. मी उद्यमबाग घेतला, कारण तिथे फाउंड्री, लेथची वर्कशॉप, पॅटर्न करणारे आणि त्यांचा माल नेणारे छोटे टेंपो एकाच ठिकाणी सापडतात; एका दारात ऐकलेला प्रश्न पुढच्या दहा दारांत उपयोगी पडतो. तुम्ही निपाणीचे असाल तर तंबाखूच्या वखारी घ्या, खानापूरचे असाल तर तिथली बाजारपेठ घ्या. पण आज निपाणी आणि उद्या खानापूर असे करू नका. फाउंड्रीत ओतकाम चालू असताना कोणी मान वर करत नाही, म्हणून तिथली वेळ आधी चहाच्या टपरीवर विचारून घ्यावी.

आता वही. मोबाइलमध्ये नोंद ठेवली तरी चालेल, पण समोरच्याच्या देखत कागदावर लिहिले की तो तारीख नीट पाहून सांगतो, हा माझा अनुभव आहे. प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी लिहाव्यात: कोणती गाडी किंवा कोणाची आरोग्य पॉलिसी, मुदत कधी संपते, मागे क्लेम घेतला होता का, आणि घरात या बाबतीत शब्द कोणाचा चालतो. यांतल्या तीन राहिल्या तरी निभावते; तारीख राहिली तर निभावत नाही. माझ्या पहिल्या वहीत दीडशेच्या आसपास नावे आणि फोन नंबर होते, काहींपुढे ‘माणूस चांगला’ असेही लिहिले होते, आणि एकापुढेही तारीख नव्हती. ती वही म्हणजे फोनची डायरी होती.

प्रश्न कसा विचारावा हेही सांगतो. ‘विमा घेणार का?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘आमचा हाय की आधीच.’ इथे बहुतेक नवे एजंट नमस्कार करून बाहेर पडतात, मीही पडत असे. खरे काम या उत्तरानंतर सुरू होते. ‘आहे ते चांगलेच आहे, मी आज काही विकायला थांबत नाही, फक्त मुदत कधी संपते ते बघून सांगा, त्याआधी आठवण करून देतो,’ एवढे म्हणावे. एका टेंपोवाल्या अण्णांनी यावर डॅशबोर्डच्या खणातून उदबत्तीचा पुडा, पाना आणि दोन पावत्या बाहेर काढल्या आणि तळाशी घडी घातलेली पॉलिसी मिळाली. ऑईलच्या बोटांनी काळवंडलेल्या त्या कागदावर मुदत संपून अकरा दिवस झालेले होते आणि ते रोज गोव्याला भाडे मारत होते. मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे हे त्यांना ठाऊक होते; फक्त तारीख ठाऊक नव्हती. ते माझे उद्यमबागेतले पहिले गिऱ्हाईक.

मोटारीत तारखेला पैशांची किंमत असते, ती गिऱ्हाइकाला आकड्यांत दाखवावी. सलग वर्षे क्लेम नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात नो क्लेम बोनस मिळतो, तो २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. समजा या भागाचा हप्ता १२,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के आहे, तर माणूस ६,००० भरतो. मुदत संपून ९० दिवस उलटले की बोनस जातो आणि पुन्हा १२,००० पासून सुरुवात होते. त्याच्या आतही खंड पडला असेल तर कंपनी आधी गाडीची तपासणी मागते. उलट, थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते. तिथे ‘मी स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या हातात काहीच नसते, आणि तुम्हीही तसे म्हणू नका.

आता ज्या प्रकरणामुळे मी हे सगळे लिहीत आहे ते. लेथचे वर्कशॉप चालवणारे एक काका मला नोव्हेंबरमध्ये भेटले. त्यांची ५ लाखांची आरोग्य पॉलिसी सहा वर्षांची होती आणि ते कंपनीवर चिडलेले होते. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोजचे ५,००० रुपये होती. त्यांनी ८,००० ची खोली घेतली, आणि कंपनीने फक्त खोलीचे वरचे ३,००० कापले नाहीत, तर खोलीच्या दर्जानुसार बदलणारे डॉक्टरांचे आणि शस्त्रक्रियेचे खर्चही ५ला ८ या प्रमाणात खाली आणले. अशी मर्यादा नसलेली पॉलिसी त्यांना हवी होती. म्हणजे दारातच तयार गिऱ्हाईक उभे होते. त्यांनी ‘नूतनीकरणाच्या वेळी ये’ म्हटले, मी नाव आणि नंबर लिहून घेतला, खूश होऊन बाहेर पडलो आणि नूतनीकरण कधी आहे ते विचारले नाही.

मी पुन्हा गेलो तो १८ फेब्रुवारीला. मुदत १० मार्चला संपत होती, म्हणजे २० दिवस उरले होते. त्यांच्या पॉलिसीतल्या पोर्टेबिलिटीच्या, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याच्या, कलमात अर्ज मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी आणि ६० दिवसांपेक्षा फार आधी नाही, असे लिहिले होते. हिशोब केला तर त्यांच्यासाठी ती खिडकी ९ जानेवारी ते २४ जानेवारी एवढीच होती, आणि त्या पंधरवड्यात मी उद्यमबागेतच, त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर फिरत होतो. नवी पॉलिसी सरळ घेऊन द्यावी असेही मनात आले, पण काकांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराचा क्लेम मिळू लागण्याआधीची प्रतीक्षा नव्याने सुरू झाली असती, तर पोर्ट केल्यावर जुन्या पॉलिसीत काढलेली वर्षे त्या ५ लाखांपुरती धरली जातात. (वाढवून घेतलेल्या रकमेला मात्र प्रतीक्षा नव्याने लागते, हे आधी सांगावे, नाहीतर पुढे शिव्या खाव्यात.) मी त्यांना जुनीच पॉलिसी चालू ठेवा असे सांगितले. त्यांनी ती ठेवली, आणि पुढच्या जानेवारीत दुसरा एजंट वेळेवर पोहोचला.

म्हणून आरोग्य पॉलिसीची तारीख मिळाली की तिच्या बाजूला आणखी एक तारीख लिहावी, ७० दिवस आधीची. त्या दिवशी फोन, मग कलम वाचणे, कागद गोळा करणे, आणि मुदतीला ६० दिवस उरले की लगेच अर्ज. मोटारीसाठी तीन आठवडे पुरतात. कलम प्रत्येक पॉलिसीत स्वतः वाचावे, माझ्या आकड्यांवर विसंबू नये. आणि पुन्हा सांगतो: तारीख कागदावर पाहून लिहावी. ‘दिवाळीच्या आसपास’ ही तारीख नव्हे, ‘शिमग्याला असते बघ’ हीसुद्धा नव्हे.

‘कमिशनमधले किती सोडणार?’ हा प्रश्न या भागात दुसऱ्याच भेटीत येतो. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ नुसार अशी सूट देणे मना आहे आणि दंड १० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. हसून हेच सांगावे. एकदा सोडलेत की संपूर्ण गल्लीला सोडावे लागते.

फॉर्म बहुधा इंग्रजीत असतो. सही घेण्याआधी प्रत्येक प्रश्न मराठीत किंवा कन्नडमध्ये वाचून दाखवावा आणि समजावून सांगितल्याचे निवेदन भरून घ्यावे. साखर, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया लपवू देऊ नये. ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ म्हणणारे घरातलेच असतात आणि क्लेम नाकारला गेला की तेच तुमच्या दारात येतात. कॅशलेस रुग्णालयांची यादी पाहताना फक्त बेळगाव पाहू नये, कारण आपल्याकडचा गंभीर रुग्ण कोल्हापूर-मिरजेलाही जातो. त्या तिन्ही गावांतली नावे गिऱ्हाइकासमोर तपासावीत.

पॉलिसी आली की नाव, जन्मतारीख, गाडीचा क्रमांक त्याच दिवशी पडताळावा. आरोग्य पॉलिसी परत करायला ३० दिवस असतात, तेही सांगावे. क्लेमच्या वेळी फोन उचलावा, रात्रीचाही. शिफारस मागायची ती क्लेम मिटल्यानंतर, आधी नाही, आणि शिफारशीने मिळालेल्या माणसालाही पहिल्या भेटीत विकू नये, त्याची तारीख घ्यावी.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वही उघडून पुढच्या अडीच महिन्यांच्या तारखा वेगळ्या पानावर उतरवाव्यात. ज्या नावापुढे तारीख नाही, तिथे सोमवारी आधी जावे.