कुकरविना मुगाचे वरण: फेस, वेळ आणि मऊपणा

नागपुरात ज्याला आपण गंज म्हणतो, त्या उंच पातेल्यात मुगाची किंवा मसुरीची डाळ कुकरशिवाय उत्तम शिजते, मात्र पातेले निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. एक वाटी मुगाची डाळ पाणी नितळ होईपर्यंत धुवून वीस मिनिटे भिजत ठेवावी आणि चार वाट्या पाण्याला आधण आल्यावर त्यात सोडावी.

पहिल्या कढाबरोबर डाळीतील प्रथिनांमुळे पांढरा, दाट फेस वर येतो आणि झाकण घट्ट असल्यास तो हमखास उतू जातो. म्हणून पहिली पाच मिनिटे झाकण न ठेवता पळीने फेस काढून टाकावा, मगच हळद व अर्धा चमचा तेल घालून आच मंद करावी आणि झाकण तिरके ठेवावे. तेलाने पुढचा फेस बसतो.

भिजवलेली मूगडाळ साधारण पंचवीस मिनिटांत, तर मसूर पंधरा ते वीस मिनिटांत शिजते. तरी घड्याळापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. दाणा चिमटीत दाबल्यावर मध्ये पांढरा ठिपका दिसला, तर डाळ अजून कच्ची आहे. पाणी आटल्यास उकळतेच घालावे. टोमॅटो किंवा चिंच डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच घालावी, कारण आंबटपणामुळे दाणे शिजायला वेळ लागतो. बोअरवेलचे जड पाणी किंवा जुनी डाळ असेल, तर दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात.