टोपीवर भरतकाम करायचे आहे? लोगो देण्यापूर्वी या चुका टाळा

टोपीवरील भरतकाम बिघडले की दोष मशीनचालकाला दिला जातो. परंतु बहुतेक वेळा बिघाडाचे मूळ लोगोतच असते आणि तो मिलिमीटरमध्ये कोणी मोजलेला नसतो. पडद्यावर लोगो कितीही मोठा करून पाहता येतो. टोपीच्या पुढच्या भागावर मात्र भरतकामासाठी साधारण ५० ते ५५ मिलिमीटर उंचीच मिळते, आणि नेहमीचा ४० नंबरचा धागा सुमारे ०.४ मिलिमीटर जाड असतो. या दोन आकड्यांच्या दरम्यान जे बसत नाही, ते कितीही चांगल्या मशीनवर नीट उमटणार नाही.

एक उदाहरण घेऊ. एका ट्रेकिंग गटाचा गोल लोगो आहे: मध्ये किल्ल्याची तटबंदी, मागे पिवळ्यातून केशरीत विरघळत जाणारा सूर्य आणि कडेच्या वर्तुळात गटाचे नाव व घोषवाक्य. मूळ चित्र २०० मिलिमीटर व्यासाचे असून टोपीवर ते ५० मिलिमीटर होणार आहे, म्हणजे प्रत्येक माप एक चतुर्थांश होईल. चित्रातील १२ मिलिमीटर उंचीचे अक्षर ३ मिलिमीटरचे होईल आणि तटबंदीची २ मिलिमीटर जाडीची रेघ अर्ध्या मिलिमीटरवर येईल. सॅटिन टाक्याची, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लगतलगत घातलेल्या टाक्यांची पट्टी स्वच्छ दिसण्यासाठी किमान १ मिलिमीटर रुंदी लागते. त्याहून अरुंद पट्टीत सुई जवळजवळ त्याच जागी पुन्हा पुन्हा शिरते, धागा तुटू लागतो आणि कापडाला भोके पडतात.

हे तपासण्याची पद्धत सोपी आहे. इंकस्केप किंवा इलस्ट्रेटरमध्ये लोगो टोपीवरील प्रत्यक्ष मापावर आणावा, १ मिलिमीटर व्यासाचे एक वर्तुळ काढावे आणि ते प्रत्येक रेघेवर सरकवून पाहावे. रेघ वर्तुळापेक्षा बारीक असेल, तर ती जाड करावी किंवा काढून टाकावी. हीच कसोटी दोन आकारांमधील मोकळ्या जागेलाही लावावी, आणि ही दुसरी तपासणीच बहुधा राहून जाते. टाके कापडाला आपल्या दिशेने ओढतात व धागा कडेने थोडा फुगतो. त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची फट शिवताना बुजते. ‘ब’ किंवा ‘व’ यांच्या पोटातील जागा भरून गेलेली दिसली, तर कारण हेच समजावे. त्यानंतर लोगो शंभर टक्के मापावर छापून, तो कागद कापून टोपीवर ठेवून पाहावा.

देवनागरी मजकुराची काळजी अधिक घ्यावी लागते, असे माझे ठाम मत आहे. टोपीवर अक्षराची उंची किमान ६ मिलिमीटर असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण हे माप शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत धरावे. वेलांटी, रफार आणि खालचे उकार यांसाठी वर व खाली वेगळी जागा लागते, आणि ती न मोजल्यास ओळीची उंची ६ मिलिमीटर राहूनही प्रत्यक्ष अक्षर फार लहान होते. अनुस्वाराचा ठिपका १ मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर त्याची धाग्याची गाठ होते किंवा तो शिरोरेषेत मिसळतो. म्हणून ठळक, समान जाडीच्या रेघांचा फॉन्ट निवडावा. ६० नंबरचा बारीक धागा आणि त्याला साजेशी बारीक सुई वापरल्यास थोडी लहान अक्षरे काढता येतात, तरीही ३ मिलिमीटरची जोडाक्षरे त्यानेही वाचनीय होत नाहीत. आपल्या उदाहरणात घोषवाक्य पुढच्या लोगोतून काढून टोपीच्या मागे एका ओळीत घ्यावे आणि पुढे फक्त नाव मोठ्या अक्षरांत ठेवावे.

सूर्याच्या विरघळत्या रंगांचे काय? प्रत्येक धागा एकाच रंगाचा असतो, त्यामुळे संगणकावरील सलग छटा शिवता येत नाही. टाक्यांची घनता कमी-अधिक करून दोन रंग एकमेकांत मिसळता येतात, पण त्यासाठी मोठे क्षेत्र लागते. पंधरा मिलिमीटरच्या सूर्यात तो प्रयोग ठिगळासारखा दिसतो. स्पष्ट सीमा असलेले पिवळा व केशरी असे दोन सपाट रंग घ्यावेत. छटा सोडायचीच नसेल, तर छापील पॅच तयार करून टोपीवर शिवणे अधिक योग्य.

नमुना बिघडला, की टाक्यांची घनता वाढवण्याचा मोह टाळावा. भरलेला भाग आणि त्याची किनार यांच्यामध्ये कापड दिसत असेल, तर डिजिटायझिंग करताना, म्हणजे लोगोची मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवताना, टाक्यांची ओढ भरून काढण्यासाठी आकार पुरेसा वाढवलेला नाही किंवा टोपी फ्रेममध्ये सैल बसली आहे. घनता वाढवल्याने कापड आणखी आकसते. सहा पॅनलच्या टोपीत मधोमध जाड शिवण असते आणि तिच्यावर सुई किंचित भरकटते, म्हणून एखादी बारीक उभी रेघ किंवा लहान अक्षर नेमके तेथे येऊ देऊ नये. लोगोत तसे टाळता येत नसेल, तर पुढे सलग पॅनल असलेली पाच पॅनलची टोपी घ्यावी. टोपीच्या कामात टाके मध्यापासून बाहेर आणि खालून वर जातील, असा क्रम लावावा, म्हणजे सैल कापड मध्ये गोळा होत नाही. नमुना सपाट कापडावर न काढता मागणीतील त्याच टोपीवर काढून घ्यावा, कारण आत बकरमचे कडक कापड असलेली ताठ टोपी आणि मऊ टोपी एकाच फाइलला वेगवेगळा प्रतिसाद देतात.