लेहची १०० हेक्टर जमीन नकाशावर १४६ कशी भरली

जीआयएसमधल्या माझ्या पहिल्याच कामात लेहजवळच्या शेतजमिनींच्या हद्दी उपग्रहचित्रावर आखायच्या होत्या. आखून झाल्यावर क्षेत्रफळ काढलं, तर कागदोपत्री १०० हेक्टर असलेला पट्टा १४६ हेक्टर भरला. हद्दी दोनदा तपासल्या, त्या बरोबर होत्या. फरक प्रक्षेपाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीचा होता. ऑनलाइन नकाशावर आखताना लेयर वेब मर्केटरमध्ये, म्हणजे EPSG:3857 मध्ये तयार झाला होता.

पृथ्वीगोलावर उत्तरेकडे जावं तशी अक्षवृत्तं लहान होत जातात. ६० अंशांवरचं वृत्त विषुववृत्ताच्या निम्मंच असतं. मर्केटर मात्र सगळी वृत्तं सारख्याच लांबीची काढतो, म्हणून ६० अंशांवरचा प्रदेश आडवा दुप्पट ताणला जातो. आकार बिघडू नये म्हणून तो उभाही तितकाच ताणावा लागतो, आणि क्षेत्रफळ चौपट दिसतं. भारतापेक्षा लहान असलेलं ग्रीनलँड नकाशावर अवाढव्य दिसतं ते यामुळेच. दक्षिणेलाही हेच घडतं. लेह साधारण ३४ अंशांवर आहे. तिथे लांबी १.२१ पट होते, क्षेत्रफळ १.४६ पट. पुण्यातही क्षेत्रफळ ११ टक्के जास्त येतं, आणि एवढी चूक सहज नजरेतून सुटते.

झूमचं गणितही इथूनच निघतं. झूम ० ला अख्खं जग २५६ पिक्सेलच्या एका टाइलमध्ये बसतं. विषुववृत्ताचा घेर सुमारे ४,००,७५,०१७ मीटर, त्याला २५६ ने भागलं की एका पिक्सेलला १,५६,५४३ मीटर येतात. पुढे प्रत्येक झूमला हा आकडा निम्मा होतो, आणि जमिनीवरचं खरं अंतर हवं तर अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं:

```
156543.03 * cos(lat) / 2^zoom
```

झूम १५ ला विषुववृत्तावर ४.७८, पुण्यात ४.५३, लेहला ३.९५ आणि ऑस्लोला जेमतेम २.४ मीटर. स्वतः पाहायचं असेल तर झूम न बदलता नकाशा उत्तरेकडे सरकवा आणि कोपऱ्यातल्या मोजपट्टीकडे लक्ष ठेवा. टाइल ५१२ पिक्सेलची असेल, तर त्याच झूमला हे आकडे निम्मे धरायचे.

QGIS या जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये माझी गफलत `area($geometry)` मुळे झाली होती. ते लेयरच्या प्रक्षेपातच सपाट मोजतं. `$area` प्रोजेक्टमध्ये ठरवलेला लंबगोल धरून मोजतं. बफरलाही, म्हणजे एखाद्या जागेभोवती ठरावीक अंतरावर आखलेल्या पट्ट्यालाही हेच लागू: EPSG:3857 मध्ये लेहला काढलेला १००० मीटरचा बफर जमिनीवर ८२८ मीटरच असतो. त्यासाठी लेयर आधी EPSG:32643 मध्ये न्यायचा. पुणे आणि लेह दोन्ही याच यूटीएम पट्ट्यात येतात. पण हे Reproject Layer ने करा. Set Layer CRS ने फक्त लेबल बदलतं, निर्देशांक जुनेच राहतात, आणि लेयर नकाशावर भलतीकडेच जाऊन पडतो.