रात्रीची फ्लाइट लटकली? काउंटरवर हॉटेल आणि जेवणाचं व्हाउचर असं मागा

फ्लाइट तासभर लेट असेल तर काही करायचं नसतं, गप्प बसून राहायचं. खरा घोळ रात्री होतो. बोर्डावरची वेळ थोडी थोडी पुढे सरकत राहते, आणि बारा वाजता कळतं की विमान आता सकाळीच. मग दीडशे माणसं एकदम उठून एका काउंटरवर धडकतात, तिथे स्टाफ दोन, आणि ज्याला काय मागायचं ते माहीत नसतं तो मिळेल तो कागद घेऊन बाजूला होतो. मीही एकदा तसाच झालो होतो, म्हणून त्याच रात्रीच्या हिशोबाने सांगतो.

आम्ही तिघं होतो, मी, आई आणि धाकटा भाऊ. एकाच पीएनआरवर तिकिटं, मधल्या एअरपोर्टवर विमान बदलायचं होतं. पुढची फ्लाइट २१:४० ची, ती आधी २३:१० झाली, मग ००:३०, आणि बाराच्या सुमारास अनाउन्समेंट आली की टेक्निकल प्रॉब्लेम आहे, क्रूचे ड्युटीचे तासही संपलेत, आता उद्या ०९:१५.

लाइनमध्ये उभं राहा, पण एकट्या लाइनवर विसंबू नका

वेळ दुसऱ्यांदा सरकली तेव्हाच एकाने काउंटरजवळ जाऊन उभं राहायला हवं होतं, आम्ही खुर्च्या धरून बसलो. अनाउन्समेंट झाल्यावर मग भाऊ लाइनीत, मी कॉल सेंटरला फोन लावून, आणि आईच्या हातात एअरलाइनचं ॲप उघडून दिलेलं. बऱ्याच एअरलाइन्स हल्ली हॉटेलची लिंक थेट मेसेजवर पाठवतात आणि लोक ती न बघता तासभर उभे राहतात, त्यामुळे बुकिंगमध्ये दिलेला नंबर आणि ईमेल एकदा बघून घ्या. तिकीट एजंटकडून काढलेलं असेल तर तिथे बहुतेक वेळा एजंटचाच नंबर असतो आणि तुमची लिंक मध्यरात्री त्याच्या बंद ऑफिसात जाऊन पडते.

आणि गेटवरचा माणूस, ट्रान्सफर डेस्क आणि बाहेरचा तिकीट काउंटर, या तिघांपैकी व्हाउचर नेमकं कोण छापतंय ते आधी विचारा. चुकीच्या लाइनीत पाऊण तास जाणं हे फार कॉमन आहे.

पहिला प्रश्न हॉटेलचा नाही, कारणाचा

"मॅडम, डिले कशामुळे आहे, आणि ते मला लिहून मिळेल का?" हे आधी विचारा. तुम्हाला काय मिळणार ते बऱ्याच ठिकाणी या उत्तरावर ठरतं. अमेरिकेत हॉटेल द्यायची सक्ती करणारा सरसकट कायदा नाही, मोठ्या एअरलाइन्सनी सरकारी वाहतूक खात्याकडे लेखी कबूल केलंय तेवढंच, आणि तेही डिले त्यांच्या हातातला असेल तर, म्हणजे विमानात बिघाड, क्रू नाही, इंधन भरायला उशीर वगैरे. हवामान असेल तर हात वर.

युरोपात मात्र उलटं आहे. तिथल्या २६१/२००४ या नियमाप्रमाणे रात्र काढावी लागली तर हॉटेल, एअरपोर्ट ते हॉटेल गाडी आणि वाट बघण्याच्या वेळेच्या मानाने जेवण द्यावंच लागतं, कारण काहीही असो. २०१० मध्ये ज्वालामुखीच्या राखेने विमानं बंद पडली होती, त्या केसमध्येसुद्धा युरोपच्या कोर्टाने २०१३ ला हेच सांगितलं. युरोपातून निघणारी कुठल्याही एअरलाइनची फ्लाइट यात येते, युरोपात येणारी असेल तर एअरलाइन तिथली लागते. भारतात डीजीसीएच्या नियमात डिले २४ तासांच्या वर गेला तर हॉटेल, किंवा फ्लाइट रात्री ८ ते पहाटे ३ च्या मधली असेल आणि ६ तासांपेक्षा जास्त लांबली तर हॉटेल, असं आहे.

लोक इथे गल्लत करतात ती एकच. पैशांची भरपाई वेगळी आणि रात्रीची सोय वेगळी. काउंटरवरचा माणूस "हवामान आहे, काही मिळणार नाही" म्हणतो तेव्हा तो अनेकदा भरपाईबद्दल बोलत असतो, तुम्ही मागताय सोय. तेवढा फरक शांतपणे सांगितला की पुष्कळदा ड्रॉवर उघडतो.

मग नवीन वेळ आणि सीट पक्की करा

हॉटेलचा कागद हातात आला की माणूस पळतो आणि सीटचं राहून जातं. तीच फ्लाइट लेट असेल तर जुनी सीट राहते, पण फ्लाइट कॅन्सल करून दुसऱ्या नंबरवर टाकलं असेल तर नवीन बोर्डिंग पास तिथेच मागा, आणि पुढचं कनेक्शन चुकणार असेल तर तेही तिथेच बदलून घ्या. पुढचं तिकीट वेगळं काढलेलं असेल तर ते ही एअरलाइन सहसा बघत नाही, तो फोन तुम्हालाच करायचाय.

आणि या घाईत कोणी "रिफंड हवा का?" विचारलं तर लगेच हो म्हणू नका. रिफंड घेतला की तुम्ही त्यांचे प्रवासी राहत नाही, मग हॉटेल आणि जेवणाचा हक्कही सहसा तिथेच संपतो.

आता व्हाउचर, आणि ते काउंटर सोडण्याआधी वाचा

आमच्याच कागदांवर काय निघालं ते बघा. हॉटेल व्हाउचरवर खोली एकच लिहिलेली, दोन माणसांची, आम्ही तिघं. सिस्टीम पीएनआर बघून एक खोली टाकते असं काउंटरवरची मुलगी म्हणाली, आणि भावाने विचारल्यावर दोन मिनिटांत दुसरी खोली टाकली. न विचारता टाकली नसती.

जेवणाची तीन व्हाउचर मिळाली, त्यावर व्हॅलिडिटी २३:५९ पर्यंत. घड्याळात वाजले होते ००:२०. म्हणजे छापल्या छापल्या मेलेली. मागच्या शिफ्टची तारीख सिस्टीममध्ये राहिली होती, परत छापून घेतली. त्याचबरोबर विचारलं की यावेळी उघडं काय आहे, तर एअरपोर्टवरचं एकही रेस्टॉरंट उघडं नव्हतं, मग हेच व्हाउचर हॉटेलमध्ये चालेल का, तर नाही. शेवटी तिने हॉटेल व्हाउचरवरच रात्रीचं जेवण आणि नाश्ता असं लिहून सही केली. हे तिने लिहिलं नसतं तर हॉटेलवाल्याने दिलंच नसतं, कारण रिसेप्शनला फक्त कागदावरचं दिसतं, काउंटरवरचं आश्वासन नाही. जेवणाच्या व्हाउचरचं अजून एक, उरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत, आणि बऱ्याचदा एकाच बिलात संपवावं लागतं.

गाडीचं तर हमखास राहतं. "शटल आहे" एवढ्यावर थांबू नका, कुठून सुटते, शेवटची किती वाजता, आणि सकाळी हॉटेलवरून पहिली किती वाजता, हे तिन्ही विचारा. शेवटची गेलेली असेल तर टॅक्सीचं व्हाउचर मागा. हॉटेल किती लांब आहे तेही विचारा, सकाळी ०६:०० ची फ्लाइट आणि हॉटेल पाऊण तासावर असेल तर झोप मिळते दोन तास, त्यापेक्षा एअरपोर्टच्या आतलं हॉटेल किंवा लाउंजमध्ये जागा मागितलेली बरी. परदेशात ट्रान्झिटला असाल आणि व्हिसा नसेल तर बाहेरच्या हॉटेलचं व्हाउचर हातात असूनही इमिग्रेशनवरून परत पाठवतात, म्हणून "मला बाहेर जाता येणार नाही, आतली सोय द्या" हे काउंटरवरच सांगा.

आणि बॅगा. आईच्या बीपीच्या गोळ्या चेक-इन बॅगेत होत्या, चूक आमचीच. बॅग काढून द्यायला दोन तास लागतील म्हणाले, पण औषध आहे म्हटल्यावर टॅग नंबर घेऊन सव्वा तासात आणून दिली. औषध नसेल तर बॅगेच्या मागे लागू नका, टूथब्रश-टीशर्टचा किट मागा, बऱ्याच ठिकाणी असतो पण मागितल्याशिवाय देत नाहीत.

हॉटेलं संपली म्हणाले तर

मोठ्या गोंधळाच्या रात्री हे खरंच होतं, नेहमी थाप नसते. तेव्हा वाद घालून उपयोग नाही, सरळ विचारा, "मी स्वतः बुक केलं तर पैसे परत द्याल ना, किती रुपयांपर्यंत, आणि हे कागदावर लिहून द्याल का?" लिहून देत नसतील तर ड्युटी मॅनेजरला बोलवा, तोही नाही म्हणाला तर वेळ, काउंटर नंबर आणि तो काय म्हणाला ते तिथेच स्वतःलाच ईमेल करून ठेवा, वेळ आपोआप नोंदली जाते. मग जवळचं साधं हॉटेल घ्या. फाइव्ह स्टार घेतलंत आणि दारू मागवलीत तर क्लेममधून ते कापणार, आणि कापलं तर त्यांचं चुकतंय असंही नाही.

हॉटेलवर पोचल्यावर

रिसेप्शनला कार्ड मागतात, डिपॉझिट ब्लॉक करायला. व्हाउचरवर असलात तरी मागतात, मिनीबार वगैरेसाठी. घाबरू नका, पण किती ब्लॉक केलं ते विचारा आणि डेबिट कार्ड देऊ नका, पैसे सुटायला दिवस जातात.

झोपायच्या आधी फोनचा आवाज चालू ठेवा. आम्हाला पहाटे ०५:४० ला मेसेज आला की फ्लाइट ०९:१५ ऐवजी ०८:३० ला. लेट झालेली फ्लाइट परत अलीकडे ओढतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. नाश्ता ७ ला सुरू होणार होता, शटल ६ ची पकडावी लागली, तर किचनमधून तीन पाकिटं बांधून घेतली, तीही मागितल्यावरच.

पावत्या टेबलावर हातात पडल्या पडल्या फोटो काढा. कार्डच्या मशीनची स्लिप चालत नाही, काय खाल्लं ते लिहिलेलं बिल लागतं. क्लेम एअरलाइनच्या फॉर्मवर टाकताना बोर्डिंग पास आणि कारण लिहिलेला तो कागद सोबत जोडा. मी आमच्या टॅक्सीचं बिल तीन आठवड्यांनी शोधलं तेव्हा त्या थर्मल कागदावर फक्त तारीख उरली होती, रक्कम पूर्ण उडालेली.